वाचतायत की म्हणतायत? वाचनपाठाच्या निरीक्षण तक्त्यामागची गोष्ट

कुठल्याही जुन्या प्राथमिक शाळेचं शेरेबुक उघडा. ‘वाचन समाधानकारक’, ‘वाचनाकडे लक्ष द्यावे’ अशी वाक्यं वर्षानुवर्षं भेटतात. त्यावरून तपासायला आलेल्या साहेबांचं मत कळतं. त्या तासाला किती मुलं खरोखर वाचत होती, ते मात्र कळत नाही.

शेऱ्याऐवजी खूण, हा बदल आपल्याकडे बी.एड.च्या वाटेनं आला. अमेरिकेतले नेड फ्लँडर्स यांनी १९६० च्या दशकात वर्गातलं बोलणं १० प्रकारांत विभागलं. दर ३ सेकंदांनी निरीक्षकानं एक आकडा लिहायचा. १ ते ७ शिक्षकाचं बोलणं, ८ आणि ९ विद्यार्थ्यांचं, १० म्हणजे शांतता किंवा गोंधळ. मत बाजूला ठेवून घडलेलं नोंदवायचं, ही शिस्त त्यातून लागली. पण वाचनाच्या तासाला हीच पद्धत लावली की गंमत होते. मूल मनातल्या मनात वाचत असेल, तर त्याची नोंद गोंधळाच्याच रकान्यात, १० मध्ये जाते. आणि बाईंच्या मागून अख्खा वर्ग एका सुरात धडा म्हणत असेल, तर तो ८ मध्ये, पुस्तक उघडं असो वा मिटलेलं. वाचन कानांनी मोजता येत नाही, हे इथं उघडं पडलं.

पुढची दुरुस्ती अमेरिकेतल्याच वाचन-संशोधक डोलोरेस डर्किन यांची. १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात त्यांनी ‘आकलन शिकवणं’ आणि ‘प्रश्न विचारून आकलन तपासणं’ असे दोन वेगळे रकाने केले. चौथीच्या वाचनतासांत आकलन शिकवण्याला १ टक्कासुद्धा वेळ मिळत नव्हता. प्रश्नोत्तरं मात्र भरपूर. एकच रकाना असता तर हे दिसलंच नसतं. त्याच दशकात शिक्षण-संशोधक जेन स्टॉलिंग्ज यांनी सलग नोंदीऐवजी ‘नजर टाकण्याची’ पद्धत आणली: तासात ठरावीक वेळा वर्गावरून नजर फिरवायची आणि त्या क्षणी कोण, काय, कोणत्या साहित्यासह करतंय तेवढंच लिहायचं. आज पहिली-दुसरीसाठी वापरले जाणारे तक्ते बहुतेक या तीन धाग्यांतूनच विणलेले असतात.

रामटेक तालुक्यातल्या एका शाळेत दुसरीचा तास आम्ही दोघांनी पाहिला. २२ मुलं, ४० मिनिटं, दर ४ मिनिटांनी एक नजर. बसलो पुढच्या कोपऱ्यात, कारण मागून फक्त पाठी दिसतात. तिसऱ्या नजरेला आवाज २२ जणांचा होता, डोळे अक्षरांवर होते ९ जणांचे. शेवटच्या रांगेतला एक पोरगा पुढच्या पानावरचं चित्र बघत बरोबर तीच ओळ म्हणत होता. शेरेबुकात हाच तास ‘उत्तम सामूहिक वाचन’ म्हणून गेला असता.

तास संपल्यावर हजेरीपटावरचं दर चौथं नाव घेतलं, पाच मुलं झाली. ही नावं वर्गात शिरायच्या आधीच ठरवायची. नाहीतर बाई पुढच्या बाकावरच्या पोरीकडे बोट दाखवतात आणि आपणही मान डोलावतो. प्रत्येकाला त्याच धड्यातलं मधलंच वाक्य वाचायला दिलं. पाठ असलेल्याला सुरुवात लागते, वाचणाऱ्याला लागत नाही.

इथं निरीक्षकाचाही एक दोष पकडला गेला. एका मुलीनं ‘जवळ’ला ‘जवय’ वाचलं आणि माझ्या सोबत्यानं चूक मांडली. इकडच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. तिनं अक्षर ओळखलं होतं, घरच्या जिभेनं उच्चारलं इतकंच. म्हणून आता तक्त्यात वाचलेला शब्द ऐकला तसाच लिहायचा. चूक की बोली, ते नंतर ठरवायचं.

दोघांच्या नोंदी जुळल्या म्हणजे त्या पक्क्या, असंही नाही. समजा, एकाच मुलावर टाकलेल्या १० नजरांपैकी दोघांनीही ८ वेळा ‘वाचतोय’ लिहिलं आणि ८ ठिकाणी नोंदी जुळल्या. ८० टक्के छान वाटतं. पण दोघांनी डोळे मिटून प्रत्येकी ८ खुणा केल्या असत्या, तरी सरासरी ७ च्या आसपास जुळल्याच असत्या. योगायोगाचा हा वाटा वजा करायचं सूत्र मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलं. ते लावलं की ८० टक्क्यांच्या जागी १ पैकी जेमतेम ०.३८ उरतात.

आमचे मतभेद तपासले तेव्हा बहुतेक एकाच जागचे निघाले: बोट ओळीवर, नजर खिडकीबाहेर. मी ते वाचन धरलं होतं, सोबत्यानं नाही. दुसऱ्या दिवशीच्या तासाआधी रकान्याखाली पेनानं लिहिलं, ‘बोट नव्हे, नजर पानावर असेल तरच खूण’.