साखर घसरते तेव्हा घरात दुसरं कुणी नसतं

माझी मावशी 78 वर्षांची आहे. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, मुलगा बंगळुरूला. मधुमेह वीस वर्षांचा, ग्लुकोमीटर घरात, वहीत आकडे नियमित लिहिलेले. मी डॉक्टर असूनही तिच्या बाबतीत निश्चिंत होते, कारण वहीतले आकडे चांगले होते. त्या संकष्टीला काय घडलं ते सांगते, कारण एकट्या राहणाऱ्या माणसाची योजना कुठे कुठे फसते ते त्या एका दिवसात सगळं दिसलं.

सकाळी तिने नेहमीची गोळी घेतली. तिच्या गोळीत तीन औषधं एकत्र होती: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज. गोळी नाश्त्याआधीची, पण नाश्ता नव्हता. अकराला वाटीभर साबुदाण्याची खिचडी, दुपारी चहा, बस. चंद्रोदय रात्री नऊनंतर. चारच्या सुमारास तिला घाम आला, म्हणून तिने साखर तपासली. आकडा आला 148. ‘मग उकडत असेल,’ म्हणून ती पुन्हा कामाला लागली. साडेपाचला शेजारच्या काकू आल्या तेव्हा ती त्यांच्याशी भांडायला लागली, किल्ल्या चोरल्या म्हणून. किल्ल्या तिच्या हातातच होत्या. काकू शहाण्या, त्यांनी तिचे हात धुवून पुन्हा तपासायला लावलं. आकडा 52.

मग चारचे 148 कुठून आले? तेव्हा ती नैवेद्याच्या शिकरणासाठी केळी सोलत होती आणि हात पदराला पुसून तिने बोट टोचलं होतं. मीटरच्या पट्टीला लागतो रक्ताचा सुईच्या टोकाएवढा थेंब. बोटावरचा फळाचा रस त्यात मिसळला की मीटर त्या रसातलं ग्लुकोजही मोजतो. म्हणून साबण-पाण्याने हात धुवून कोरडे करायचे, तेवढी सोय नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा. आणि त्याहून महत्त्वाचं: अंगाला घाम, हाताला कंप आणि मीटरवर मात्र छान आकडा, असं झालं तर विश्वास अंगावर ठेवायचा. चांगल्या मीटरलाही 100 च्या खाली 15 अंकांपर्यंतची चूक माफ असते, म्हणजे दाखवलेले 72 प्रत्यक्षात 60 असू शकतात.

आता त्या भांडणाकडे येऊ. रक्तातली साखर साधारण 65 ते 70 मिलिग्रॅमपर्यंत उतरली की शरीर ग्लुकागॉन आणि अॅड्रेनॅलिन सोडतं. छातीत धडधड, हाताला कंप, घाम, एकदम लागलेली भूक, ही अॅड्रेनॅलिनच्या लगबगीची चिन्हं. साखर आणखी उतरून 54 च्या खाली गेली की मेंदूलाच इंधन अपुरं पडू लागतं. मग बोलणं अडखळतं, साधा हिशेब जमत नाही, डोळ्यांपुढे धूसर होतं, चाल डगमगते, स्वभाव अचानक चिडका होतो. तरुण माणसात या दोन पायऱ्यांमध्ये अंतर असतं. आधी घंटा वाजते, मग मेंदू डळमळतो, आणि मधल्या वेळात माणूस काहीतरी गोड खाऊन घेतो. उतारवयात घंटा उशिरा आणि हळू वाजते. दोन्ही पायऱ्या जवळजवळ एकाच वेळी येतात, आणि घंटा ऐकायची असते ती त्याच मेंदूने. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचा कंप आणि धडधड तर आणखीच झाकली जाते. घाम मात्र तेव्हाही येतो, म्हणून कारण नसताना आलेला घाम हे या मंडळींनी सगळ्यात आधी ओळखायचं चिन्ह.

झोपेत साखर उतरली तर चिन्हं सकाळी सापडतात: ओलसर गाऊन किंवा उशी, भीतिदायक स्वप्नं, उठल्यावर जड डोकं. मावशी यातलं बरंच काही ‘वय झालं’ या खात्यात टाकत आली होती.

काकूंनी लगेच चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. कुणीही हेच केलं असतं. पंधरा मिनिटांनी आकडा 55, म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. इथे त्या गोळीतलं तिसरं औषध आडवं आलं. आपली साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. आतड्यातलं एक विकर ती जोडी तोडतं आणि मगच ग्लुकोज रक्तात जातं. व्होग्लिबोजचं कामच ते विकर अडवणं. जेवणानंतर साखर उसळू नये म्हणून ते दिलेलं असतं, पण साखर घसरलेली असताना साखरपाणी, गूळ किंवा उसाचा रस त्याच्यामुळे आतड्यात रेंगाळतो. अशा माणसाला निव्वळ ग्लुकोजच द्यायला हवं, कारण ते तोडावं लागत नाही. काकूंच्या नातवाकडे खेळाच्या सरावासाठी आणलेली ग्लुकोजची पावडर होती. ती दिल्यावर पंधरा मिनिटांत 81 झाले आणि मावशीने विचारलं, “अगं, तू कधी आलीस?”

आपल्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे का, हे पाकिटावर वाचता येतं किंवा औषधाच्या दुकानात विचारता येतं. नसेल तर तीन भरलेले चहाचे चमचे साखर पाण्यातून चालते. पेढा, चॉकलेट किंवा बिस्किट कुणालाच पहिला उपाय म्हणून नको, त्यातलं दूध-तूप साखरेचा वेग कमी करतं.

गोष्ट तिथे संपली नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो, आणि त्याचा अंमल दिवसभर राहतो. मूत्रपिंड थकलेलं असेल तर आणखी लांबतो. काकूंचा फोन आल्यावर मी तिच्याकडे पोचले, तिला पोळी-भाजी खायला घातली (बाप्पा रागावला असेल तर माझ्यावर), तरी रात्री साडेदहाला आकडा पुन्हा 66. तिला दवाखान्यात नेऊन चोवीस तास देखरेखीखाली ठेवलं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं आणि तिच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड बंद केलं. एकदा आकडा वर आला की सुटलो, असं या गटातल्या गोळ्यांच्या बाबतीत धरता येत नाही. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका फार कमी असतो; खरा धोका इन्सुलिनवर आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्यांवर असलेल्यांना.

त्यानंतर आम्ही बसून योजना केली. ऐन वेळी तिला काहीही ठरवावं लागू नये, एवढीच अट होती, कारण त्या वेळी ठरवणारा अवयवच रजेवर असतो.

ग्लुकोजची पावडर स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून 15 ग्रॅमच्या छोट्या बंद पुड्या केल्या. दोन उशाशी, दोन फ्रिजवर, दोन पर्समध्ये. आकडा 70 च्या खाली गेला, किंवा चिन्हं दिसताहेत पण मीटर सापडत नाही, तर एक पुडी पाण्यात घालून प्यायची. आधी प्यायची, मग फोन. मावशीला उलटं करायचं होतं, “तुला विचारून घेते ना!” पण फोन शोधण्यात, तो लागण्यात पाच-सात मिनिटं जातात आणि तेवढ्यात जीभ जड होऊ शकते. प्यायल्यावर दार उघडून ठेवायचं, खुर्चीत बसायचं, काकूंना फोन करायचा. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजूनही 70 च्या खाली असेल तर दुसरी पुडी. वर आल्यावर जेवणाला तासाहून जास्त वेळ असेल तर पोळी किंवा दूध-बिस्किट खायचं. आकडा 54 च्या खाली गेला असेल तर काकूंनी नुसतं फोनवर न बोलता घरी येऊन बसायचं, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं.

दाराचं मुद्दाम सांगते. काकूंकडे किल्ली दिलेली होतीच, पण मावशी रात्री आतून कडी आणि वर अडसर लावायची. मग बाहेरच्या किल्लीचा उपयोग शून्य. आता दाराला फक्त लॅच आहे, बाहेरून किल्लीने उघडतं असं. चोरांची भीती होती तिला, खोटी नव्हे, पण शेवटी तिने दोन्हींतली मोठी भीती निवडली.

फोन नंबरांच्या यादीत तिने पहिला नंबर लिहिला होता मुलाचा. बंगळुरूहून तो काय करणार? यादी नात्याने नव्हे, पायऱ्यांनी लावायची: पाच मिनिटांत दाराशी कोण येईल? आधी शेजारच्या काकू, मग दुसऱ्या मजल्यावरचं कुटुंब, मग खालचा वॉचमन, मग मी, आणि मग मुलगा. माणूस बेशुद्ध असेल तर यादी बाजूला ठेवून थेट 108, रुग्णवाहिकेसाठी. 112 वरूनही मदत मिळते.

तो कागद दाराच्या आतल्या बाजूला ठळक अक्षरांत लावला आहे, मावशीसाठी कमी आणि येणाऱ्यासाठी जास्त. त्यावर पूर्ण पत्ता, विंग, मजला, जवळची खूण, औषधांची नावं आणि डॉक्टरांचा नंबर आहे. घाबरलेल्या माणसाला शेजारच्या घराचा पत्ताही आठवत नाही. खाली लिहिलंय: शुद्ध नसेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही, ते श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि 108 लावा.

उरला तो प्रसंग, ज्यात ती फोनही करू शकत नाही. त्यासाठी उलटी सोय: रोज सकाळी साडेसातपर्यंत तिने काकूंना मिस्ड कॉल द्यायचा. आठपर्यंत आला नाही तर काकूंनी फोन करायचा, उचलला नाही तर बेल, बेलला उत्तर नाही तर सरळ किल्ली. संकोचाला जागा ठेवली नाही, कारण काकू म्हणाल्या होत्या, “झोपल्या असतील तर उगाच कशाला त्रास, असं वाटतं हो.” दाराला अडकवलेली दुधाची पिशवी आठनंतरही तशीच दिसली तरी हाच क्रम. दोनदा ती नुसतीच अंघोळीला गेली होती आणि काकू दार उघडून आत. मावशी चिडली, काकू हसल्या, क्रम तसाच ठेवला.

एक रविवार आम्ही रंगीत तालीम केली. मावशी खुर्चीत गप्प बसली आणि काकूंनी बाहेरून यायचं. मूळ दार उघडलं, पण बाहेरच्या सेफ्टी डोअरची किल्ली जुडग्यात नव्हतीच. रात्रीच्या नव्या वॉचमनला तर कुणी काही सांगितलंच नव्हतं. किल्ली सोमवारी करून घेतली, वॉचमनशी मी बोलले. संकष्टीच्या दिवशी गोळ्यांचं काय करायचं ते तिने डॉक्टरांकडून लिहून आणलंय आणि तो कागद फराळाच्या डब्यावर चिकटवलाय. त्याच दिवशी ती पुड्याही चाचपून बघते, पावसाळ्यात पावडरीचे खडे होतात म्हणून.