टोमॅटोत साखर घालायची वेळ का आली?

टोमॅटोचा रस्सा किंवा सूप आंबट लागलं, की ‘चिमूटभर’ साखर किंवा गूळ घाला, असं सांगतात. टोमॅटोची छापील पाककृती इटलीत पहिल्यांदा आली ती 1692 मध्ये, नेपल्सच्या आंतोनियो लातिनीच्या पुस्तकात. निखाऱ्यावर भाजलेले टोमॅटो, कांदा, मिरची, मीठ, तेल आणि वरून चक्क व्हिनेगर! आंबट कमी करणं दूरच, त्याने ते वाढवलंच.

साखरेची गरज पुढे वाढली, त्यात शेतीचाही हात आहे. जुन्या वाणांच्या कच्च्या फळाला देठाजवळ गडद हिरवा पट्टा असे. गेल्या शतकात सगळीकडे सारखी फिकी हिरवी आणि मग एकसारखी लाल होणारी फळं निवडली गेली, कारण तोडणीची वेळ ओळखणं सोपं जातं. 2012 मध्ये संशोधकांनी दाखवलं, की ही निवड करताना एक जनुक निकामी झालं होतं. फळात हरितद्रव्य वाढवणारं हे जनुक फळाच्या साखरेलाही हातभार लावत होतं. त्यात वाहतुकीसाठी फळ कच्चं तोडलं की पानांकडून येणारी साखरही थांबते. रंग येतो, गोडी मागे राहते.

साखर किंवा गूळ घातल्याने आम्ल नाहीसं होत नाही. सायट्रिक आणि मॅलिक आम्ल तेवढंच राहतं, फक्त गोड आणि आंबट चवी एकमेकींना दाबतात. आम्ल खरोखर मारायचं तर खायचा सोडा लागतो. तो फसफसतो आणि जरा जास्त पडला तर चव सपाट, साबणासारखी करतो.

आता प्रमाण. अर्धा किलो पिकल्या टोमॅटोत मुळातच सुमारे 13 ते 15 ग्रॅम साखर असते. चिमूट म्हणजे जेमतेम अर्धा ग्रॅम, तिने फारसं काही हलत नाही. ‘चिमूटभर’ हा शब्द विनयाचाच म्हणायचा! अर्धा सपाट चमचा, म्हणजे साधारण 2 ग्रॅम, घातला तर फरक जाणवतो. एक चमचा ही माझ्या मते वरची मर्यादा. त्यापुढे रस्सा केचपकडे झुकतो. गूळ तेवढाच, पण चिरून घ्या. त्याचा रंग आणि खमंग वास रश्श्यात उतरतो, म्हणून फिक्या सूपला साखरच बरी.

साखर असो वा गूळ, शेवटी घालावा. आटताना पाणी उडतं, पण आम्ल आणि साखर भांड्यातच राहतात, त्यामुळे पातळ असताना घेतलेली चव फसवते. आधी मीठ पुरतं करा, कारण अळणी रस्सा उगाच जास्त आंबट वाटतो. मग अर्धा चमचा घालून मिनिटभर उकळा आणि थोडं बशीत काढून कोमट झाल्यावर चाखा. आंबटपणा टोचायचा थांबला आणि गोडी वेगळी ओळखू आली नाही, तर पुरे. जिभेला आधी गोडच लागलं तर जास्त झालं. मग थोडा टोमॅटो वाढवा.