कार्यभार यादी (तलाठी दप्तर)

कार्यभार यादी : पद सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने आपल्या जागी येणाऱ्याला दप्तर, शिल्लक रक्कम, नेमाने येणारी कामे व अपुरी प्रकरणे सोपवताना करून द्यावयाचा लेख. बोलीत ‘चार्ज यादी’. प्रस्तुत नोंद महाराष्ट्रातील तलाठी पदापुरती आहे. 2024 मध्ये या पदाचे नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे करण्यात आले. दोन-चार गावांच्या सजेचा जमीनविषयक सर्व कागद एकाच माणसाच्या ताब्यात असल्याने या यादीचे गुणदोष येथे जितके उघडे पडतात तितके मोठ्या कार्यालयात पडत नाहीत.

उगम : या यादीचे मूळ पेशवेकालीन दप्तरव्यवस्थेत शोधण्याचा मोह होतो. हुजूर दप्तरात कागदांचे रुमाल बांधून ठेवण्याची शिस्त होती हे खरे, पण रुमाल जपणे वेगळे आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे जबाबदारी मोजून देणे वेगळे. गावपातळीवर हिशेब कुळकर्ण्याकडे असे आणि ते वतन वंशपरंपरागत होते. कागद बापाकडून मुलाकडे जात; भाऊबंदांत वतनाच्या तक्षिमा पडल्या तर काम पाळीने चाले. पद परक्याच्या हाती जाण्याचा प्रसंगच विरळा, त्यामुळे यादीची निकड कमी. भाऊबंदांच्या पाळीबदलात काही मोजदाद होत असणे शक्य आहे, पण तिला आजच्या यादीचे पूर्वरूप म्हणणे धाडसाचे ठरेल.

अधिक पटणारे मत असे, की ही यादी पगारी व बदलीपात्र तलाठ्याबरोबर आली. मुंबई इलाख्यात 1874 च्या वंशपरंपरागत पदांविषयीच्या अधिनियमाने वतनी कामगारांचे नियमन झाले. पुढे ठिकठिकाणी कुळकर्ण्याच्या जागी पगारी तलाठी नेमले जाऊ लागले. हा बदल सर्वत्र एकाच वेळी झाला नाही, म्हणून यादीच्या प्रसाराचा नेमका काळ सांगता येत नाही. परगणा व कुळकर्णी वतने 1950 च्या अधिनियमाने रद्द झाली आणि वतनाचा उरलासुरला आधारही गेला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अँडरसन यांच्या महसुली हिशेबविषयक पुस्तिकेने गाव नमुन्यांना, म्हणजे गावच्या महसुली नोंदवह्यांना, जे ठरीव क्रमांक रूढ केले, त्यांचा परिणाम यादीच्या रचनेवर सर्वांत खोल दिसतो. आजही यादी नमुना 1 पासून 21 पर्यंत त्याच क्रमाने उतरते. त्यामुळे नवा माणूस सातबारा कोठे आहे हे लगेच शोधू शकतो. काम कोठवर आले आहे हे त्याला त्या क्रमातून कळत नाही.

नियम व वेळ : सेवाशर्तींच्या नियमांप्रमाणे, विशेष कारण नसल्यास, कार्यभार मुख्यालयी आणि देणारा व घेणारा दोघे हजर असताना सोपवावा लागतो. प्रमाणपत्रावर तारखेबरोबर मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर हेही लिहितात, कारण त्या दिवसाचे वेतन व जबाबदारी त्यावर ठरते. दप्तर किंवा पैसा न सोपवणाऱ्याकडून तो वसूल करण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मध्ये आहे. बदल्या 2005 च्या बदलीविषयक अधिनियमानुसार सामान्यतः एप्रिल-मे महिन्यांत होतात. महसुली वर्ष मात्र 1 ऑगस्टला सुरू होऊन 31 जुलैला संपते. म्हणजे बहुतेक चार्ज वर्ष संपण्याच्या तोंडावर होतो, आणि वर्षअखेरीचे हिशेब नव्या माणसाच्या गळ्यात पडतात.

नेमाची कामे : ही महिन्यांच्या क्रमाने लिहावीत. मे अखेरीस येणाऱ्याला पहिली गाठ पडते ती पावसाळ्यातील नुकसानीच्या पंचनाम्यांशी, मग जमाबंदीचे हिशेब आणि खरीप पीकपाहणी. ई-पीक पाहणीत शेतकरी मोबाइलवरून नोंद करतो व तलाठी ती पडताळतो. कोणत्या गटांत नोंदी नेहमी राहून जातात हे जुन्या तलाठ्यालाच ठाऊक असते आणि यादीत ते क्वचितच येते. मार्चअखेरच्या वसुलीबद्दल सहसा काही लिहीत नाहीत. तहसीलमधून तगादा येतोच.

रक्कम व पावत्या : नमुना 9 ची पावती पुस्तके आणि नमुना 10 ची चलने परस्परांशी ताडून पाहणे हा यादीचा सर्वांत कठोर भाग. समजा, चालू पुस्तकातील शेवटची पावती क्र. 62 आहे. तर ‘पुस्तक 1’ एवढे लिहून भागत नाही, क्र. 63 ते 100 कोऱ्या, असे लिहून प्रत्येक स्थळप्रत उलटावी लागते. मधलेच पान नसेल तर ते त्याच दिवशी नोंदवावे, पुढे ते घेणाऱ्याच्या नावावर चढते. पावत्यांची बेरीज 14,350 रुपये आणि भरणा 11,900 रुपये असेल, तर 2,450 रुपये हाती हवेत. ते रोख घेण्यापेक्षा देणाऱ्यानेच चलनाने भरून चलनाचा क्रमांक यादीत लिहिणे श्रेयस्कर.

प्रलंबित फेरफार : ‘प्रलंबित फेरफार 7’ ही ओळ यादीत सर्रास आढळते आणि ती जवळजवळ निरुपयोगी असते. फेरफाराची नोंद झाली की जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 150 प्रमाणे हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, हरकत आल्यास ती नमुना 6अ मध्ये चढते, आणि नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित किंवा रद्द करतो. यांपैकी पायरी कोणती, हे प्रत्येक नोंदीपुढे हवे.

उदाहरणार्थ, एका वारस नोंदीत चार वारस आहेत. तिघांना नोटीस 19 मे रोजी बजावली. चौथी विवाहित मुलगी, दुसऱ्या जिल्ह्यात राहणारी. तिची नोटीस टपालाने गेली आहे, पोच आलेली नाही. 31 मे रोजी चार्ज झाला. यादीत फक्त ‘नोटीस बजावली, 19 मे’ असेल, तर नवा तलाठी 3 जूनला मुदत संपली असे धरून नोंद प्रमाणनास पाठवील. मुलीने उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील केले की नोटीस न मिळाल्याच्या कारणावरून प्रकरण फेरचौकशीला येण्याचा संभव मोठा. ‘चौथीची पोच बाकी, मुदत पोच आल्यावर मोजावी’ एवढी एक ओळ पुरेशी होती. अशा नोंदी ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे नोटिसांच्या बजावणी-प्रती मोजणे : वारस चार आणि सह्या तीन असतील तर विचारावे.

संपर्क : यादीच्या जुन्या नमुन्यांत संपर्कांना रकानाच नाही, ते तोंडी सांगितले जातात. नावांपेक्षा कामानुसार लिहिणे टिकाऊ : बोजा चढवण्या-उतरवण्यासाठी विकास सोसायटीचे सचिव, मोजणीसाठी भूमी अभिलेखचे भूकरमापक, नोंदलेल्या दस्तांसाठी दुय्यम निबंधक कार्यालय, गावातील बातमीसाठी कोतवाल व पोलीस पाटील.

संगणकीय दप्तर : ई-फेरफार प्रणालीतील डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल जडवस्तूंच्या यादीत ‘सोपविले’ म्हणून दाखवण्याची चूक होते. ती स्वाक्षरी व्यक्तीची असते, पदाची नव्हे. लॅपटॉप व प्रिंटर सोपवावेत. जुन्या वापरकर्त्याचा सजेवरील अधिकार कधी काढला आणि नव्याचा कधी जोडला, याची तारीख तहसीलमधून घेऊन लिहावी.

एकतर्फी चार्ज : देणारा निलंबित, मृत किंवा गैरहजर असल्यास मंडळ अधिकाऱ्यासमक्ष पंच बोलावून कपाट उघडतात व सापडेल तेच लिहितात. अशा यादीत न सापडलेल्या नमुन्यांचे क्रमांकही स्वतंत्रपणे नोंदवतात. अपुऱ्या प्रकरणांची स्थिती मात्र कागदांवरूनच जुळवावी लागते. त्यासाठी आवक-जावक नोंदवही सर्वांत उपयोगी पडते.