लेप्टो तापाच्या जाहिरातीला नट हवाच का?

"जाहिरातीत नावाजलेला नट घेतला की लोक ऐकतातच ना?"

बघणाऱ्याचा त्यात जीव किती गुंतलाय, यावर ते ठरतं. पेटी, कॅसिओपो आणि शुमन यांनी 1983 मध्ये रेझरच्या जाहिरातीवर हे तपासलं. ज्यांना रेझर लवकरच निवडायचं होतं, त्यांनी मुद्दे तोलले. चेहऱ्याचा प्रभाव पडला नाही. हा मत बनण्याचा मध्यवर्ती मार्ग. ज्यांना देणंघेणं नव्हतं, ते प्रसिद्ध चेहऱ्याकडे झुकले. तो परिघीय मार्ग.

आता सिंधुदुर्गात जुलैत भातलावणीला उतरणारी बाई घ्या. टाचेला भेगा, पाय चिखलात. तिला कारण हवं: उंदराच्या मुतातले लेप्टोचे जंतू चिखलपाण्यातून भेगेवाटे अंगात शिरतात, म्हणून जखम झाकूनच उतरा आणि ताप, अंगदुखी आली तर लावणीचं सांगून डॉक्टरांना दाखवा. नटाचा फोटो इथे नुसती जागा अडवतो.

पण हेच बारीक अक्षरात एसटी स्टँडवर लावलं, तर आस्था असूनही वाचायला सवड कुठली? मग तीही चेहरा बघून पुढे जाईल, आणि असं बनलेलं मत लवकर विरतं. तिला हे आशा सेविकेने बांधावर सावकाश सांगावं. नट शेतात न उतरणाऱ्यांपुरता ठेवावा.