स्टॉक छायाचित्रांतील व्यापारचिन्हे पुसणे

स्टॉक छायाचित्रांच्या संकेतस्थळांवर व्यापारी वापरासाठी चित्र देण्यापूर्वी त्यातील बोधचिन्हे, नामफलक, वाहनांचे क्रमांक आणि मालकाची ओळख पटेल अशी खासगी मालमत्ता काढून टाकण्याची प्रक्रिया. असे चित्र पुढे कोणत्याही जाहिरातीत छापले जाऊ शकते. त्यातील चिन्हाचा धनी त्या मालाच्या पाठीशी आहे असा ग्राहकाचा समज होऊ नये, हा यामागचा हेतू. वृत्त वा माहितीपर लेखनासाठी, म्हणजे संपादकीय वर्गात, दिलेल्या चित्रांना हा नियम लागू नसतो. प्रस्तुत नोंदीत सोलापूरच्या चादर-बाजारातील चित्रांच्या अनुषंगाने या प्रक्रियेचा विचार केला आहे.

चिन्ह वा मालमत्ता पुसायची नसेल, तर मालकाचे संमतिपत्र लागते. चित्रातील माणसाच्या अशाच संमतिपत्राचा उगम बराच स्पष्ट आहे. पिठाच्या जाहिरातीवर परवानगीवाचून छापलेल्या एका तरुणीच्या चित्राबाबत न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने १९०२ साली तिच्या विरोधात निकाल दिला. त्यावर ओरड झाली आणि १९०३ साली तेथे जाहिरातीसाठी लेखी संमती आवश्यक करणारा कायदा आला. मालमत्तेच्या संमतिपत्राला मात्र असे निश्चित मूळ दाखवता येत नाही. ते माणसाच्या संमतिपत्राच्या धर्तीवर, बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, स्टॉक छायाचित्रे विकणाऱ्या संस्थांच्या व्यवहारात रुळले असावे. एका मतानुसार इमारत किंवा वस्तू हीच मालकाची ओळख ठरू शकते, म्हणून संमती हवी. दुसऱ्या मतानुसार यास कायद्याचा ठोस आधार नाही, ही निव्वळ सावधगिरी आहे. दुसऱ्या मताला बळ देणारा निकाल म्हणून क्लीव्हलँडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या खटल्याकडे बोट दाखवले जाते. इमारतीचा आकार संग्रहालयाने व्यापारचिन्ह म्हणून नोंदवला होता आणि चार्ल्स जेन्टिल या छायाचित्रकाराने तिचे भित्तिपत्र विकायला काढले. १९९८ साली अपील न्यायालयाने त्याच्यावरील तात्पुरता मनाईहुकूम उठवला. संग्रहालयाने ते चित्र चिन्ह म्हणून सातत्याने वापरल्याचे दिसत नाही, असा त्याचा मथितार्थ होता.

भारतात प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार वास्तूचे छायाचित्र काढणे व प्रसिद्ध करणे हा प्रताधिकाराचा भंग होत नाही. व्यापारचिन्हाचा प्रश्न यापासून वेगळा. मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या वास्तुप्रतिमेची व्यापारचिन्ह म्हणून २०१७ साली नोंदणी झाली, तेव्हापासून येथेही हा भेद दुर्लक्षिता येत नाही. व्यवहारात संस्थेचा नियम कायद्यापेक्षा कडक असतो आणि चित्र नाकारले जाते ते त्या नियमानेच. म्हणून छायाचित्रकाराने कायद्याआधी तो वाचणे अधिक उपयोगाचे.

नवी पेठेतील एखाद्या चादरीच्या दुकानाचे चित्र उदाहरणादाखल घेऊ. चित्र ६००० गुणिले ४००० पिक्सेलचे, म्हणजे २४ मेगापिक्सेलचे आहे. दारात एक चादर उलगडून टांगली आहे, खाली घड्यांची थप्पी, वर दुकानाची पाटी आणि उजव्या कडेला उभी स्कूटर. पडद्यावर चित्र १०० टक्के आकारात उघडून डावीकडून उजवीकडे सावकाश सरकवत तपासावे लागते. लहान करून पाहिल्यास घडीच्या कोपऱ्यावरचे लेबल हमखास निसटते.

पुसण्याआधी कापणे बरे. वरून ६०० आणि उजवीकडून ५०० पिक्सेल कापले की पाटी व स्कूटर दोन्ही जातात आणि उरलेले ५५०० गुणिले ३४०० पिक्सेलचे चित्र १८.७ मेगापिक्सेलचे भरते. शटरस्टॉक आणि अ‍ॅडोबी स्टॉक यांची किमान अट ४ मेगापिक्सेलची असल्याने कापायला मुबलक वाव असतो. स्कूटर ठेवायचीच असेल तर नुसता क्रमांक पुसून भागत नाही, कंपनीचे नाव आणि पुढचे चिन्हही काढावे लागते.

खरी कसोटी टांगलेल्या चादरीवर लागते. काही चादरींच्या काठावर कारखान्याचे नाव जॅकार्डवर विणलेलेच असते, त्यामुळे ते कापडाच्या पोताचाच भाग असते. येथे फोटोशॉपचा हीलिंग ब्रश फसतो. तो भोवतालची छटा मिसळून घेतो, अक्षराचे गडद धागे शेजारी झिरपतात आणि काठावर धुरकट डाग उरतो. क्लोन स्टॅम्प वापरावा, तोही नव्या रिकाम्या थरावर, Sample या पर्यायात Current & Below निवडून; म्हणजे मूळ चित्र अबाधित राहते. Alt दाबून नमुना त्याच काठाच्या त्याच पट्टीतून घ्यावा. चादरीच्या पट्ट्या एकमेकींना लागून असतात, त्यामुळे नमुना एकदोन पिक्सेल वरखाली झाला तरी रेघ तुटलेली दिसते. अंगावरच्या नक्षीत तर एक फूल पुन्हा येईपर्यंतचे अंतर मोजून, त्याच्या अचूक पटीवरूनच नमुना घ्यावा लागतो.

एवढे करूनही ठिगळ दिसते ते उजेडामुळे. टांगलेल्या कापडाला चुण्या पडतात. प्रत्येक चुणीची एक बाजू उजळ, दुसरी सावलीतली. उजळ बाजूचा तुकडा सावलीत लावला की नक्षी जुळूनही तो वेगळा दिसतो. म्हणून शेजारच्या चुणीच्या त्याच दिशेच्या उतारावरून नमुना घ्यायचा. तपासणीसाठी चित्र आडवे उलटून पाहावे आणि तात्पुरता कॉन्ट्रास्ट खूप वाढवावा. एकसारखे दोन डाग किंवा जुळे धागे लगेच उघडे पडतात.

काउंटरच्या काचेतील प्रतिबिंब हा नेहमीचा सापळा. पाटी कापून टाकली तरी तिची उलटी अक्षरे काचेत राहतात. सोलापूरच्या पूर्व भागातील दुकानांवर मराठीबरोबर तेलुगू पाट्याही असतात. परक्या तपासनिसाला ती लिपी वाचता येणार नाही, या भरवशावर त्या सोडणे चुकीचे. वाचता न येणारे अक्षरही फलकाचेच असते.

नक्षीच्या मालकीबद्दल स्थिती गुंतागुंतीची आहे. नोंदणीयोग्य रचनेची डिझाइन म्हणून नोंदणी केलेली नसेल आणि तिच्या औद्योगिक पद्धतीने पन्नासहून अधिक प्रती निघाल्या असतील, तर प्रताधिकार अधिनियमाच्या कलम १५ नुसार तिचा प्रताधिकार संपतो. यंत्रमागावरच्या बऱ्याच नक्ष्या या वर्गात पडाव्यात. नोंदणी असेल तर डिझाइन अधिनियम, २००० नुसार संरक्षण १० वर्षे आणि वाढवून १५ वर्षांपर्यंत मिळते. संस्था हा तपशील तपासत बसत नाहीत. नक्षीने सगळी चौकट व्यापली असेल तर त्या संमतिपत्र मागू शकतात. दुकानाच्या दृश्यात ती सहज आली असेल तर सहसा अडचण येत नाही.

पुसलेल्या चित्राच्या शीर्षकात वा शोधशब्दांत कारखान्याचे नाव राहिले तर पुसण्याचे श्रम वाया जातात. ‘सोलापुरी चादर’ हे नाव मात्र एका कारखान्याचे व्यापारचिन्ह नसून नोंदणीकृत भौगोलिक उपदर्शन आहे. सोलापुरात विणलेल्या चादरीच्या चित्राला ते लावणे हे वस्तुस्थितीचे वर्णन ठरते. बाहेर विणलेल्या चादरीला तेच नाव दिल्यास मालाच्या मूळ स्थानाविषयी दिशाभूल होते आणि १९९९ च्या भौगोलिक उपदर्शन अधिनियमाचा रोख नेमका तिकडेच आहे.

नाव विणलेला काठच चित्राचा विषय असेल, तर काहीही न पुसता, स्थळ व तारीख लिहून ते संपादकीय वर्गात द्यावे. त्या वर्गात चिन्ह पुसणे हीच चूक मानली जाते.