लोहचुंबकाचा अंदाज-पाठ (इयत्ता दुसरी)

इयत्ता दुसरीच्या मुलांनी वस्तू हाताळून आधी अंदाज नोंदवायचा, मग लोहचुंबक लावून पाहायचे आणि शेवटी ‘चिकटणाऱ्या’ व ‘न चिकटणाऱ्या’ असे दोन ढीग करायचे, अशी या पाठाची रीत आहे. त्याला एक तासिका पुरते. कोकण किनाऱ्यावरच्या शाळांत लागणाऱ्या बहुतेक वस्तू पडवीत आणि परसातच सापडतात. मात्र इथली वाळू आणि खारी हवा पाठात लुडबुड करतात.

पाठ रंगतो की फसतो हे वस्तूंच्या निवडीवर ठरते. खिळा, टाचणी, लाकूड, कागद आणि रबर एवढेच ठेवले तर मुलांचे सगळे अंदाज बरोबर येतात आणि ‘धातू चिकटतो, बाकीचे नाही’ हा चुकीचा नियम आणखी पक्का होतो. या वयातली बहुतेक मुले चकाकणाऱ्या, थंड लागणाऱ्या प्रत्येक वस्तूला लोखंड समजतात. म्हणून न चिकटणारे धातू भरपूर हवेत. एका गटासाठी बारा वस्तूंचा चांगला संच असा: खिळा, बंद केलेली सेफ्टी पिन, तांब्याची तार, पितळेचे निरांजन, अ‍ॅल्युमिनियमचे झाकण, एक रुपयाचे आणि दहा रुपयांचे नाणे, स्टीलचे दोन चमचे, करवंटीचा तुकडा, शिंपला आणि जांभ्याचा खडा. यात धातूच्या नऊ वस्तू आहेत, पण चिकटतात त्या फक्त चार: खिळा, पिन, रुपया आणि दोनपैकी एक चमचा.

चमच्यांची जोडी मुद्दाम घ्यायची. काही स्टीलमध्ये क्रोमियमबरोबर निकेलही पुरेसे असते आणि त्याची अंतर्गत रचना अशी होते की लोहचुंबक त्याला धरत नाही. निकेल नसलेले स्टील मात्र चटकन धरते. दोन्ही चमचे दिसायला सारखे, म्हणून मुले आधी लोहचुंबकालाच दोष देतात. दुसरीत याचे कारण सांगत बसू नये, ‘स्टील दोन तऱ्हेचे असते’ एवढे पुरे. नाण्यांचेही तसेच. हल्लीचा स्टीलचा रुपया चिकटतो, दहाचे हल्लीचे दुरंगी नाणे चिकटत नाही. पाच रुपयांची नाणी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या धातूंची निघाली आहेत, ती संचात नसलेली बरी.

जांभ्याचा खडा इथल्या मुलांसाठी खास. चिऱ्याचा तांबडा रंग लोखंडाच्या गंजासारख्या संयुगांमुळे येतो. म्हणजे दगडात लोह आहे, तरी साध्या लोहचुंबकाला तो बहुधा दाद देत नाही. ‘यात लोखंड आहे’ असे आधी सांगून अंदाज मागितला तर वर्गात हमखास दोन तट पडतात. घुंगरू मात्र टाळावे. पितळेच्या घुंगरात आत लोखंडाची गोळी असली की घुंगरूच चिकटल्यासारखे वाटते. पितळी मुलाम्याच्या लोखंडी वस्तूही अशाच फसवतात. त्यामुळे प्रत्येक वस्तू आदल्या दिवशी शिक्षकांनी स्वतः तपासलेली असावी.

मुलांच्या हाती जो कागद द्यायचा त्याला ‘अंदाजपत्रक’ म्हणू नये, ते ग्रामपंचायतीचे. वर्गात ‘अंदाजाचा कागद’ हेच चालते. त्यावर तीन उभे रकाने: वस्तूचे चित्र, ‘मला वाटते’ आणि ‘मी पाहिले’. बरोबर किंवा फुली एवढीच खूण, कारण बारा वेळा शब्द लिहायला लावले तर तासिका लेखनातच संपते. ‘मला वाटते’ हा रकाना तेलखडूने भरून घ्यावा. पेन्सिल दिली की लोहचुंबक हाती येताच मुले अंदाज खोडून उत्तराशी जुळवून घेतात आणि कागद निरुपयोगी होतो. तेलखडू खोडरबराने नीट पुसला जात नाही. चुकलेल्या अंदाजाला लाल शाई लावायची नाही, उलट सगळ्यात जास्त मुलांना फसवणारी वस्तू कोणती ते फळ्यावर मोजायचे. चोवीस मुलांच्या वर्गात चार-चारचे सहा गट करावेत. पहिली दहा मिनिटे फक्त वस्तू आणि कागद द्यावा; सगळ्यांच्या खुणा झाल्याखेरीज लोहचुंबक कपाटातून बाहेर काढू नये.

वस्तू ठेवायला स्टीलचे ताट घेतले तर लोहचुंबक ताटालाच जाऊन बसू शकतो. बांबूचे सूप किंवा पुठ्ठा बरा. लोखंडी पायांच्या बाकांपेक्षा जमिनीवर बैठक सोपी. वस्तूला दोन-तीन ठिकाणी लोहचुंबक टेकवायला सांगावे. ‘उचलले तरच चिकटले’ असे मुले धरून चालतात, म्हणून जड कोयत्याबाबत चुकीची फुली पडते. कोयता उचलला जात नाही, पण लोहचुंबक त्याला घट्ट बसतो. हे शिक्षकांनी स्वतः करून दाखवावे, कोयता मुलांच्या हाती नको.

किनाऱ्यावरची नेहमीची तक्रार ‘वाळू चिकटते’ ही. रत्नागिरीच्या आसपासच्या पुळणीत काळे जड कण असतात. त्यातले मॅग्नेटाइटचे कण लोहचुंबकाला दाढीसारखे लागतात, मग मुले शिंपल्यासमोरही बरोबरची खूण करतात. कारण शिंपल्याच्या खाचेतली वाळू ओढली गेलेली असते. शिंपले धुऊन वाळवावेत आणि लोहचुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून द्यावा. कण लागले तर पिशवी उलटी करून काढली की ते गळून पडतात. उघड्या लोहचुंबकावरून ते खरवडून काढणे जिकिरीचे.

खिळे पावसाळ्यानंतरचे असतील तर गंजलेले निघतात. वरून गंज असला तरी आत लोखंड शिल्लक असते, म्हणून खिळा चिकटतो. पण बोटांनी सुटणारा तांबूस भुगा बहुधा जवळजवळ ओढला जात नाही. एक नवा आणि एक गंजका खिळा शेजारी ठेवला तर फरक दिसतो. बराच वेळ लोहचुंबकाला लागून राहिलेली पिन स्वतःच दुसरी पिन उचलू लागते, म्हणून प्रत्येक गटाला नवी पिन द्यावी.

शेवटच्या पाच मिनिटांसाठी प्लास्टिकचा शार्पनर राखून ठेवावा. कागदावर त्याची ओळ मुद्दाम रिकामी सोडलेली असते. मुले ‘प्लास्टिक, नाही चिकटणार’ अशी फुली मारतात, आणि लोहचुंबक पात्यापाशी जाताच शार्पनर उडी मारून लागतो. मागच्या बाजूने लावला तर तो तसा लागत नाही. ‘कुठल्या बाजूने?’ असा प्रश्न इथे मुलांकडूनच येतो. मग पाते आणि स्क्रू दाखवून चित्रावर फक्त तेवढाच भाग रंगवून घ्यावा. विळीचेही असेच असते, पाते चिकटते आणि पाट नाही, पण वर्गात विळी आणू नये.

लोहचुंबक पट्टीसारखा किंवा जुन्या स्पीकरमधले मोठे कडे असावा. गोळीएवढे चकचकीत, फार जोरदार लोहचुंबक या वयात अजिबात नकोत. दोन गिळले गेले तर ते पोटात आतड्याच्या पदरांतून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला इजा करतात. तशी शंका आली तरी मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे. जाळ्याला लावायची शिशाची गोळी ‘न चिकटणारा धातू’ म्हणून सोयीची वाटते, पण शिसे विषारी असल्याने मुलांच्या हाती द्यायचे नाही. पट्टीचे लोहचुंबक आपटल्याने आणि तापवल्याने कमजोर होतात. ठेवताना दोन पट्ट्या एकमेकींशेजारी, विरुद्ध टोके जुळवून, दोन्ही टोकांना लोखंडाचा तुकडा लावून ठेवाव्यात.