पेट्रोल पंपावरील शून्य आणि घनता तपासणी

पेट्रोल किंवा डिझेल कमी अथवा भेसळीचे मिळू नये म्हणून गाडीत नोझल घालण्यापूर्वी यंत्राच्या पडद्यावरील रक्कम व लिटर हे दोन्ही आकडे शून्यावर आहेत ना, आणि घनतेचा आकडा योग्य आहे ना, हे पाहण्याची पद्धत. ‘झिरो बघा’ असे पंपावरचा कर्मचारी सांगतो ते याचसाठी. मात्र शून्य मापाशी संबंधित आहे, तर घनता इंधनाच्या शुद्धतेशी. घनता बरोबर दिसली म्हणून माप पूर्ण मिळाले असे मुळीच होत नाही.

गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा नेमके शून्याकडेच दुर्लक्ष होते. सर्वाधिक ऐकू येणारी फसवणूक साधी आहे. चिपळूणजवळ एखाद्याने ५०० रुपयांचे पेट्रोल मागितले. कर्मचारी २०० वर थांबतो, ‘नीट ऐकू आलं नाही, उरलेलं ३०० चं टाकतो’ म्हणतो आणि आकडा शून्यावर न आणताच पुन्हा नोझल दाबतो. पडदा २०० वरून ३०० वर जाऊन थांबतो. ग्राहक मनात २०० आणि ३०० ची बेरीज करून ५०० देतो, पण टाकीत ३०० चेच पेट्रोल गेलेले असते. म्हणून मध्ये थांबले की पुन्हा शून्य करायला लावावे, किंवा अखेरीस पडद्यावर ५०० दिसेपर्यंत पैसे देऊ नयेत. दुचाकीस्वाराने गाडीवरून उतरून पडद्यासमोर उभे राहणे हा यावरचा खरा उपाय.

घनता १५ अंश सेल्सिअसला धरून सांगतात. पेट्रोलची साधारण ७२० ते ७७५, डिझेलची ८१० ते ८४५ किलो प्रति घनमीटर असते. कोकणातल्या ३२ अंशांच्या उकाड्यात ७४५ घनतेचे पेट्रोल घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर सुमारे ७३० दाखवते. ती भेसळ नव्हे. तापमानाचा तक्ता वापरून तो आकडा १५ अंशांवर आणावा लागतो. टँकरच्या चलनावरील घनतेपेक्षा फरक ३ हून जास्त निघाला, तर मात्र शंका घ्यावी. पडद्यावरचा घनतेचा आकडा त्या क्षणी मोजलेला नसून आधी नोंदवलेला असतो, म्हणून संशय आल्यास हायड्रोमीटर व नोंदवही मागावी.

मापाचा खरा निकाल लागतो तो पाच लिटरच्या, वैधमापन खात्याचा शिक्का असलेल्या मापाने. हे माप पंपावर असावेच लागते, आणि ग्राहकाला त्यात भरून दाखवण्याची मागणी करता येते. माप आधी इंधनाने ओले करून निथळावे, मग पडद्यावर ५.०० लिटर होईपर्यंत भरावे. २५ मिलिलिटरपर्यंतची तूट चालते. यंत्रात पाच टक्के चोरी असेल तर तूट २५० मिलिलिटर येईल आणि मापाच्या गळ्यावरील खुणेखाली ती सहज दिसेल. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात पंपांच्या यंत्रांत सापडलेल्या, माप कमी देणाऱ्या चिप रिमोटने बंद करता येत होत्या. अशी चिप चाचणीपुरती बंद केली तर हे मापही खरे उतरते. तेव्हा यंत्राची सील तुटलेली आहे का ते पाहून वैधमापन निरीक्षकाकडे तक्रार करावी, आणि पावतीवर यंत्राचा व नोझलचा क्रमांक असल्याची खात्री करून ती सोबत जोडावी.